विषय: बिलिंग मायग्रेशनच्या लीडबद्दल

मॅडम,

नव्या बिलिंग सिस्टिमचा अख्खा प्रोजेक्ट माझ्याकडे सोपवायचं तुम्ही काल सुचवलंत, बरं वाटलं. पण हातातली कामं नीट मांडून पाहिली आणि लीड म्हणून आत्ता हो म्हणणं मला जमणार नाही.

चालू सिस्टिमचा सपोर्ट, ऑडिटची कागदपत्रं आणि दोन नव्या मुलांचं ट्रेनिंग सध्या माझ्याकडेच आहे. शिवाय महिनाअखेरीला बिलं निघायला लागली की दुसऱ्या कशाला हात लावता येत नाही. मायग्रेशनमध्ये जुन्या-नव्या आकड्यांचा ताळमेळ घालायचा तोही नेमका तेव्हाच. त्या दिवसांत लीडचं लक्ष दोन ठिकाणी असेल तर चुकीची बिलं थेट ग्राहकांकडे जातील.

त्याऐवजी डेटा तपासणीचा भाग मी घेते. दर बुधवार पूर्ण त्यासाठी ठेवीन. जुन्या ग्राहकांच्या खास सवलती शेऱ्याच्या रकान्यात कशा कोंबल्या आहेत ते मला पाठ आहे (डॉक्युमेंटमध्ये ते सापडणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे). व्हेंडरच्या मीटिंगा, बजेट आणि रोजचा पाठपुरावा मात्र लीडकडेच असावा. जो कोणी लीड होईल त्याला सुरुवातीला सगळं समजावून द्यायची माझी तयारी आहे.

लीड मीच व्हावं असं तुम्हाला वाटत असेल, तर सपोर्ट आणि ऑडिट आधी दुसऱ्या कोणाकडे द्यावं लागेल. तसं शक्य असेल तर पुन्हा विचार करते. गुरुवारी दुपारी बोलूया का? कामांची यादी सोबत आणते.