रुग्ण मराठीत, डॉक्टर इंग्रजीत: दुभाष्याचा सराव

प्राथमिक आरोग्य केंद्रात मराठी न येणारे डॉक्टर नव्याने रुजू झाले आहेत आणि मधे बोलायचं काम परिचारिका, आरोग्यसेविका, आशाताई यांच्यावर आलं आहे, असं धरून हा सराव करायचा. जोडीने बसा. एकीने रुग्ण व्हायचं, दुसरीने दुभाषी. इंग्रजी मुद्दाम देवनागरीत दिलं आहे, कारण हे लिहायचं नाही, बोलायचं आहे.

शब्द नव्हे, तक्रार पोचवायची. आजी "मला" म्हणाल्या तर तुम्हीही "आय" म्हणा. "शी सेज, शी सेज" करत बसलात की बोलणं लांबतं आणि कोण काय म्हणालं याचा घोळ होतो.

सोडवून दाखवलेलं उदाहरण

आजी: "दोन दिवस झाले बाई, जेवलं की घशाशी येतंय. छातीत नुसतं जळतंय."

"इट कम्स टु माय थ्रोट" असं सांगितलंत तर डॉक्टरांना काहीच कळणार नाही. उलटी? अडकलेला घास? आधी आजींनाच विचारा, "आंबट पाणी वर येतं का?" त्या हो म्हणाल्या की मग:

"आय गेट अ बर्निंग फीलिंग इन माय चेस्ट, अँड समथिंग सोअर कम्स अप आफ्टर आय ईट. इट्स बीन टू डेज."

इथे "ॲसिडिटी" हा शब्द जिभेवर येतो, तो आवरा. छातीतली जळजळ पित्ताची असते, तशी कधी हृदयाचीही असते. ती कशाची हे डॉक्टर ठरवतील. आपण निदान सांगितलं तर पुढचे प्रश्न विचारलेच जाणार नाहीत. आजी पुढे "घामही फुटला होता" म्हणाल्या, तर तेवढं वाक्य गाळायचं नाही.

मराठीतून इंग्रजीत बोला

१. अंगात कसकस आहे, तोंडाला चव नाही.
२. पायाला सारख्या मुंग्या येतात.
३. सुनेला दिवस गेलेत. तिसरा सरून चौथा लागलाय.
४. बाळ अंगावर पितं, पण कालपासून ओढतच नाही.
५. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.
६. अंगावरून पांढरं जातंय. (हे हळू आवाजात सांगितलं जाईल. तुम्हीही हळूच बोला, पडद्याबाहेर ऐकू जाता कामा नये.)
७. रात्री जीव घाबरा होतो.

इंग्रजीतून मराठीत बोला

८. टेक धिस ऑन ॲन एम्प्टी स्टमक.
९. आर यू ॲलर्जिक टु एनी मेडिसिन?
१०. फिनिश द कोर्स, ईव्हन इफ यू फील बेटर.
११. हॅव यू पास्ड स्टूल टुडे?
१२. मिक्स द होल पॅकेट इन वन लिटर ऑफ वॉटर. (ओआरएसच्या १ लिटरच्या पुडीबद्दल आहे. "लिटर" म्हणून थांबू नका. घरातलं कोणतं भांडं, किती वेळा भरून, हे रुग्णाकडूनच वदवून घ्या.)
१३. आय'म अफ्रेड वी'ल हॅव टु रेफर हिम.

उत्तरं

ज्यांत चूक हमखास होते तेवढीच देत आहे. बाकीची वर्गात एकमेकींना सांगा.

२. मुंग्या म्हणजे "ॲन्ट्स" नव्हेत. "आय कीप गेटिंग पिन्स अँड नीडल्स इन माय फीट."

३. "माय डॉटर-इन-लॉ इज प्रेग्नंट. शी हॅज फिनिश्ड थ्री मंथ्स, द फोर्थ हॅज स्टार्टेड." घरात महिने मोजतात तसेच सांगा आणि शेवटच्या पाळीची तारीख वेगळी विचारा. डॉक्टर आठवडे त्या तारखेवरून मोजतात.

४. "द बेबी इज ब्रेस्टफेड, बट हॅजन्ट बीन फीडिंग सिन्स यस्टरडे." तान्ह्या बाळाने दूध ओढणं बंद करणं हे धोक्याचं लक्षण आहे. रांग कितीही मोठी असो, हे आधी आणि स्पष्ट सांगा.

७. याचं एक ठरलेलं उत्तर नाही. धडधड होते, दम लागतो, की नुसती भीती वाटते, हे विचारल्याशिवाय तोंड उघडू नका. धडधड असेल तर: "माय हार्ट पाउंड्स ॲट नाइट."

९. "ॲलर्जी आहे का?" म्हटलं की बहुतेक जण "नाही" म्हणून मोकळे होतात. असं विचारा: "कधी कुठलं औषध घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, तोंड सुजलं, दम लागला, असं झालं होतं का?"

११. आजींना "आज संडासला झाली का?", शहरातून आलेल्या मास्तरांना "शौचाला झाली का?" समोरचा माणूस बघून शब्द निवडायचा.

१३. डॉक्टरांना भीती वाटलेली नाही, ते वाईट बातमी हळुवारपणे देत आहेत. "ह्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, मावशी. १०८ ला फोन लावते, गाडी येईल." दुसरं वाक्य डॉक्टरांचं नाही, तुमचं आहे; म्हणून लगेच त्यांनाही इंग्रजीत सांगा की तुम्ही ॲम्ब्युलन्स बोलावत आहात.