कालचा कॉल, आणि इक्विटी-व्हेस्टिंगबद्दल राहिलेले प्रश्न

हाय निखिल,

काल एवढा वेळ दिलात, खरंच थँक्स. अर्ध्या तासाचा कॉल ठरला होता आणि तुमच्या त्या डुप्लिकेट ऑर्डरच्या बगमध्ये आपण दोघं इतके घुसलो की पगार आणि इक्विटी शेवटच्या पाच मिनिटांत उरकावं लागलं. (‘सर’ नको म्हणालात म्हणून नावाने लिहितेय, पण ‘तुम्ही’ लगेच सुटणार नाही, चालवून घ्या.) बगबद्दल माझा संशय अजून तोच आहे, रिट्रायच्या वेळी जुनीच रिक्वेस्ट आयडी जायला हवी तिथे नवीन तयार होतेय. शुक्रवारी तुमच्या को-फाउंडरशी बोलणं आहे तेव्हा बोर्डवर काढून दाखवते.

आता इक्विटी. मला फोनवर जे कळलं ते आधी लिहिते, चुकत असेल तर तिथेच थांबवा. दोन पर्याय आहेत. एक, पूर्ण पगार आणि २०,००० ऑप्शन्स. दुसरा, पगार १५ टक्के कमी आणि ३०,००० ऑप्शन्स. दोन्हीला चार वर्षांचं व्हेस्टिंग, पहिल्या वर्षाचा क्लिफ. बोलताना तुम्ही कधी ‘शेअर्स’ म्हणालात कधी ‘ऑप्शन्स’, मी ऑप्शन्स धरून चाललेय, म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने शेअर विकत घेण्याचा हक्क, शेअर हातात नाही. बरोबर ना?

पहिला प्रश्न सगळ्यात सोपा आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. २०,००० हा आकडा ऐकायला छान आहे पण एकूण किती पैकी? कंपनीचे फुली डायल्यूटेड शेअर्स ४० लाख असतील तर हे अर्धा टक्का झालं, २ कोटी असतील तर ०.१ टक्का, आणि या दोन ऑफर्समध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. फुली डायल्यूटेड म्हणताना मला सगळंच धरून हवंय, फाउंडर्स, इन्व्हेस्टर्स, दिलेले ऑप्शन्स, पूलमध्ये अजून न दिलेले, आणि तुम्ही ज्या कन्व्हर्टिबल नोट्स म्हणालात त्या शेअर्समध्ये बदलल्यावर जे होईल ते सुद्धा. नोट्सचा नेमका आकडा आत्ता सांगता येत नसेल (कॅप आणि डिस्काउंटवर अवलंबून असतं, माहितीये) तर अंदाजे रेंज द्या, चालेल.

त्याला जोडूनच, पुढचा राउंड सहा-आठ महिन्यांत करायचा विचार आहे म्हणालात. नवीन इन्व्हेस्टरने २० टक्के घेतले तर माझा ०.५ चा ०.४ होतो, त्यात काही गैर नाही, सगळ्यांचाच होतो. मला एवढंच कळायला हवंय की ऑप्शन पूलसुद्धा त्याच वेळी वाढवायचा आहे का, कारण मग ते डायल्यूशन वेगळं आणि ते सहसा नवीन इन्व्हेस्टर येण्याआधीच्या लोकांच्या डोक्यावर बसतं.

आता व्हेस्टिंग, इथे जरा जास्त लिहिणारे.

साधं व्हेस्टिंग मला मान्य आहे. ४८ महिने, १२ महिन्यांनी एकदम २५ टक्के, पुढे दर महिन्याला थोडं थोडं. (दर महिन्याला की दर तिमाहीला हे तुम्ही बोलला नाहीत, मला महिना बरा.) क्लिफ का असतो तेही कळतं, दोन महिन्यांत सोडून जाणारा माणूस कंपनीचा तुकडा घेऊन जाऊ नये. पण दुसऱ्या पर्यायात एक गोष्ट मला पटत नाहीये. तिथे जे १०,००० जास्तीचे ऑप्शन्स आहेत ते तुम्ही मला बक्षीस म्हणून देत नाही आहात, ते मी माझ्या १५ टक्के पगाराने विकत घेतेय. आणि तो पगार पहिल्या महिन्यापासून कापला जाणार. मग समजा अकराव्या महिन्यात कंपनीने दिशा बदलली आणि माझा रोल गेला, माझी काही चूक नसताना, तर अकरा महिन्यांचा कापलेला पगार गेला आणि त्याबदल्यात हातात शून्य. क्लिफ नसता तर तोपर्यंत त्या १०,००० पैकी साधारण २,२९० व्हेस्ट झाले असते.

म्हणून माझं म्हणणं असं, दोन वेगळे ग्रँट करूया. २०,००० वर नेहमीचा क्लिफ, जसा सगळ्यांना आहे तसा. १०,००० वर क्लिफ नाही, पहिल्या महिन्यापासून दर महिन्याला साधारण २०८ व्हेस्ट होत राहतील, पगार कापला जातो त्याच गतीने. मी आपणहून सोडलं तरी तेवढे माझे, कारण त्या महिन्यांचे पैसे मी दिलेले असतील. आणि उद्या राउंड झाल्यावर माझा पगार परत पूर्ण केलात तर त्या दिवसापासून या १०,००० चं व्हेस्टिंग थांबवा, माझी काही हरकत नाही, दोन्ही बाजूंनी सरळ हिशोब. हे जमत असेल तर मी दुसरा पर्याय घ्यायला तयार आहे. नसेल तर पहिलाच बरा, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, उगाच मन राखायला हो म्हणू नका.

तारखेचं पण विचारायचंय. पहिले दोन महिने मी नोटीस पिरियडमध्ये असेन आणि तुम्ही म्हणालात वीकेंडला कन्सल्टिंग करून सुरुवात करूया. व्हेस्टिंगचं घड्याळ तेव्हापासून चालू होणार की फुल-टाइम जॉइन झाल्यापासून? फुल-टाइमपासून म्हणालात तरी हरकत नाही, कन्सल्टिंगचे पैसे वेगळे मिळणारच आहेत, फक्त तारीख लेखी हवी. (सध्याच्या कंपनीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल कलम आहे, ते मी एकदा नीट वाचून घेते, त्याआधी सुरू नको.)

यापेक्षा महत्त्वाची तारीख म्हणजे बोर्ड ग्रँट मंजूर करेल ती. ऑफर लेटरमध्ये बहुतेक वेळा ‘बोर्डाकडे शिफारस करू’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि स्ट्राइक प्राइस ठरते मंजुरीच्या दिवसाच्या व्हॅल्युएशनवर, जॉइनिंगच्या दिवसाच्या नाही. म्हणजे मी आज जॉइन झाले, बोर्ड मीटिंग लांबत गेली, मध्येच राउंड क्लोज झाला, की त्याच २०,००० ऑप्शन्ससाठी मला जास्त भाव मोजावा लागणार. तुम्ही मुद्दाम असं कराल असं अजिबात म्हणत नाहीये, पण राउंडच्या गडबडीत हे मागे पडणं फार सोपं आहे. जॉइन झाल्यापासून एका महिन्याच्या आत, आणि काही झालं तरी राउंडच्या आधी, बोर्डाकडून मंजूर करून घेऊ असं लेटरमध्ये टाकता येईल का? आत्ताची स्ट्राइक प्राइस काय आहे आणि व्हॅल्युएशन शेवटचं कधी झालं तेही सांगा.

मग सोडून जाण्याचं. अजून आलेच नाही आणि जायचं विचारतेय, विचित्र वाटेल, पण माझ्या आधीच्या एका कंपनीत एका सीनियरचे तीन वर्षांचे व्हेस्ट झालेले ऑप्शन्स असेच गेले. सोडल्यावर नव्वद दिवसांत एक्सरसाइज करायचे, त्यासाठी स्वतःच्या खिशातून पैसे घालायचे, वर टॅक्स, आणि शेअर तर कुठे विकता येत नाहीत. त्याने हिशोब केला आणि सोडून दिले. तुमच्या प्लॅनमध्ये ही मुदत किती आहे? नव्वद दिवस असेल तर निदान दोन वर्षं पूर्ण केलेल्यांसाठी ती काही वर्षांची करण्याचा विचार होऊ शकतो का? काही कंपन्या करतात. मला माहितीये हा प्लॅन सगळ्यांसाठी एक असतो, माझ्या एकटीसाठी बदलणार नाही, पण तुमची टीम अजून सहा जणांची आहे, बदलायचं तर आत्ताच सोपं. आणि व्हेस्ट झालेले शेअर्स कंपनी परत विकत घेऊ शकते असं कलम आहे का? असेल तर कुठल्या परिस्थितीत आणि कुठल्या भावाने, एवढं नक्की सांगा, कारण ‘वाजवी किमतीत’ आणि ‘मी भरलेल्या किमतीत’ यात सगळंच आलं.

कंपनी विकली गेली तर काय, हे थोडक्यात. सिंगल ट्रिगर मी मागत नाहीये, विकल्याबरोबर सगळं व्हेस्ट होणार म्हटलं की घेणाराच बिचकतो. डबल ट्रिगर हवाय. कंपनी विकली गेली आणि त्यानंतर वर्षभरात मला विनाकारण काढलं, किंवा रोल इतका बदलला की काढल्यातच जमा, तर उरलेलं सगळं व्हेस्ट व्हावं. तुम्हा दोघा फाउंडर्सना असं काही आहे का? असेल तर तेच शब्द मला चालतील.

इन्व्हेस्टर्सचं लिक्विडेशन प्रेफरन्स एकपट आणि नॉन-पार्टिसिपेटिंग आहे का एवढंच सांगा, आणि आत्तापर्यंत एकूण किती रक्कम उभी केली ते. एकपटच असेल तरी उभ्या केलेल्या रकमेपेक्षा कमी किमतीत कंपनी विकली गेली तर कॉमनवाल्यांना काही उरत नाही, ते धरूनच चाललेय. पण दोनपट किंवा पार्टिसिपेटिंग असेल तर माझं गणित पूर्ण बदलतं.

एक छोटं, मोठ्या रजेवर असताना, आजारपण किंवा बाळंतपण, व्हेस्टिंग चालू राहतं की थांबतं? आत्ता काही प्लॅन नाही, पण चार वर्षं म्हणजे चार वर्षं आहेत.

एवढं सगळं एकदम पाठवलं म्हणून दचकू नका. सगळ्याची उत्तरं शुक्रवारच्या आधी नकोत. आधी हवेत ते फक्त एकूण शेअर्सचा आकडा, स्ट्राइक प्राइस, आणि त्या १०,००० च्या क्लिफबद्दल तुम्हाला तत्त्वतः काय वाटतं ते. बाकीचं ऑप्शन प्लॅनच्या डॉक्युमेंटमध्येच असेल, ते आणि ग्रँट अ‍ॅग्रीमेंटचा नमुना पाठवलात तर मी स्वतः वाचून घेईन, तुमचा वेळ वाचेल. गोपनीय असेल तर एनडीए पाठवा, लगेच सही करते. वकिलांना विचारावं लागणार असेल तर तसं सांगा, मी थांबेन, फक्त सध्याच्या ठिकाणी राजीनामा मी सही केलेलं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय देणार नाही.

टाइप करायचा कंटाळा आला तर सरळ फोन करा, संध्याकाळी सातनंतर मोकळी असते. मात्र फोनवर जे ठरेल ते नंतर मी दोन ओळींत मेल करेन, तुम्ही ‘ओके’ एवढा रिप्लाय द्या.

शुक्रवारी भेटूच. त्या बगचे लॉग्स तोपर्यंत मिळाले तर बरं होईल, मागच्या आठवड्याचे पुरतील.

मेघना