सुप्रियाचं ओईटी या इंग्रजी परीक्षेचं वेळापत्रक, या आठवड्याच्या ड्युटीप्रमाणे

सुप्रिया,
तुझं रोस्टर समोर ठेवूनच हे लिहिलंय. परीक्षेला सात आठवडे आहेत. मागच्या मॉकमध्ये तुला लिसनिंग 320, रीडिंग 340, स्पीकिंग 350 आणि रायटिंग 280 पडले. यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, पहिल्या तिन्हींत 350 लागतात, रायटिंगमध्ये 300. म्हणून तुझे ताजे तास लिसनिंग आणि रायटिंगलाच दिलेत. थकलेल्या डोक्याने पत्र लिहायला बसू नकोस, कालच्याच चुका पक्क्या होतात.

सोमवार (मॉर्निंग, 8 ते 2)
घरी येऊन जेव, तासभर झोप.
4:30 ते 5:30 : लिसनिंग पार्ट ए. दोन संभाषणं, 24 गाळलेल्या जागा. परीक्षेत ऑडिओ एकदाच ऐकवतात, तेव्हा घरीही पहिल्या वेळी मध्ये थांबवायचा नाही. उत्तरं तपासल्यावर स्क्रिप्ट घेऊन पुन्हा ऐक आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिही : शब्द कळला नाही, स्पेलिंग चुकलं, की मागच्या जागेत अडकून पुढची हुकली? तुझं बहुतेक वेळा तिसरंच असतं. जागा सुटली की सोड, बोट पुढच्या जागेवर ठेव.
रात्री 20 मिनिटं : वॉर्डातल्या दहा शब्दांचं पूर्ण स्पेलिंग. डायरिया, हेमरेज, न्यूमोनिया. फाइलवर आपण सगळं शॉर्टमध्ये लिहितो, त्यामुळे हात विसरतो.

मंगळवार (मॉर्निंग)
4:30 ते 5:15 : रीडिंग पार्ट ए, दोन संच. चार उतारे, 20 प्रश्न, 15 मिनिटं, टायमर लावून. सगळं वाचत बसू नकोस. आधी कुठल्या उताऱ्यात काय आहे ते बघ, मग प्रश्नावरून उत्तराकडे जा.
बसमध्ये फक्त आधी सोडवलेले ऑडिओ ऐक. सांगली-मिरज बसच्या आवाजात नवीन ऐकून उगाच धीर खचतो.

बुधवार (इव्हिनिंग, 2 ते 8)
सकाळी 8:30 ते 10:20 : लिसनिंग आणि रीडिंगची पूर्ण मॉक, सलग. फोन दुसऱ्या खोलीत. रात्री अभ्यास नाही.

गुरुवार (इव्हिनिंग)
सकाळी 8:30 ते 9:15 : एक पत्र. 5 मिनिटं नुसतं वाचायचं, पेन खाली; मग 40 मिनिटं लिहायचं. मजकूर 180 ते 200 शब्दांचा.
माझ्या पहिल्या प्रयत्नात मला रायटिंगमध्ये 290 पडले होते. केस नोट्समधली प्रत्येक ओळ मी पत्रात उतरवली होती. दहा वर्षांपूर्वीचं अपेंडिक्सचं ऑपरेशनसुद्धा, आणि पत्र होतं पायाच्या जखमेच्या ड्रेसिंगसाठी डिस्ट्रिक्ट नर्सला! तेव्हा नोट्स वाचताना एकच विचार : हे पत्र ज्या बाईच्या हातात पडेल, तिला उद्या सकाळी त्या पेशंटच्या घरी काय करायचंय? त्याला लागेल तेवढंच ठेव. पत्र का लिहितेयस ते पहिल्याच परिच्छेदात आलं पाहिजे. बीडी, टीडीएस असले शॉर्ट फॉर्म नको, पूर्ण लिही.
9:30 ते 10:15 : तेच पत्र लाल पेनाने तपास. ए, द आणि भूतकाळ, तुझ्या चुका तिथेच आहेत.
सरावासाठी वॉर्डातली केस घेतलीस तर नाव, वय, गाव सगळं बदल.

शुक्रवार (नाईट)
सकाळी 10 ते 10:45 : स्पीकिंग, आरशासमोर. रोल-प्लेचं कार्ड वाचायला 3 मिनिटं, बोलायला 5. कार्ड : इन्सुलिन नको म्हणणारे आजोबा. आपण लगेच 'घ्यावंच लागेल' म्हणतो, आणि मार्क तिथेच जातात. आधी त्यांना इन्सुलिनबद्दल काय माहीत आहे ते विचार, भीती कशाची आहे ते विचार, ऐकून घे, मग थोडं थोडं समजाव. 'कॅन यू टेल मी व्हॉट वरीज यू मोस्ट?' हे वाक्य तोंडात बसव.
दुपारी 1 ते 5 झोप. यात तडजोड नाही.

शनिवार (नाईट)
दिवसभर झोप. संध्याकाळी 5:30 ते 6 गुरुवारचं पत्र सुधारून पुन्हा लिही आणि फोटो पाठव.

रविवार (सकाळी सुटशील)
आज मॉक नको. झोप, आईशी बोल.
संध्याकाळी 6 ते 6:45 : माझ्याशी व्हिडिओ कॉल. दोन रोल-प्ले, पेशंट मी, आणि मी रागावलेली असणार आहे. नंतर पत्रावर बोलू.
पुढचं रोस्टर लागलं की त्याच रात्री पाठव, त्याप्रमाणे वार बदलून देते.

वैशालीताई, लेस्टर