कामाच्या वेळेनंतरचे मेसेज : संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काची मार्गदर्शक तत्त्वे

लागू : १ एप्रिल २०२६ पासून, सर्व ८६ सहकाऱ्यांना. यात पूर्णवेळ घरून काम करणारे ६१ जण आणि कंत्राटावरचे सहकारीही आले.

१. मूळ नियम

तुमची कामाची वेळ संपली की कामाचे मेसेज, मेल आणि फोन न पाहण्याचा, पाहिले तरी उत्तर न देण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्याचं कारण द्यावं लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी दिलगिरीही व्यक्त करावी लागत नाही. अपवाद दोनच : त्या वेळेला तुमची ऑन-कॉल पाळी असेल तर, किंवा कलम ३ मधल्या लाल पातळीची घटना असून कलम ४ मधल्या क्रमाने तुमच्यापर्यंत फोन आला तर.

वेळ मोजायची ती मेसेज घेणाऱ्याची. पाठवणाऱ्याच्या घड्याळात दुपारचे तीन वाजलेले असतील, पण समोरच्याकडे रात्रीचे दहा वाजले असतील, तर तो मेसेज वेळेनंतरचाच आहे.

२. तुमची कामाची वेळ कोणती

प्रत्येकाने कॅलेंडरमध्ये स्वतःची कामाची वेळ भरायची आहे : जेवणाच्या सुट्टीसह सलग ९ तास, आठवड्याचे ५ दिवस. मुलांची शाळा, घरातलं आजारपण किंवा अशाच कारणाने कोणाला दिवस दोन भागांत विभागायचा असेल तर दोन्ही भाग भरा. मधला वेळ तुमचा. कॅलेंडर रिकामं ठेवलं तर तुमची वेळ स्थानिक ९ ते १८ धरली जाईल.

आपल्या टीम यूटीसी+१ पासून यूटीसी+८ पर्यंत पसरल्या आहेत. सगळ्यांचा सामाईक वेळ म्हणून ०८:०० ते १०:०० यूटीसी ठरवला आहे, म्हणजे एका टोकाला सकाळचे ९ ते ११ आणि दुसऱ्या टोकाला दुपारचे ४ ते ६. टीमच्या बैठका याच दोन तासांत घ्यायच्या.

इथे एक चूक वर्षातून दोनदा होते. पुन्हा पुन्हा होणारी बैठक आयोजकाच्या टाइम झोनला बांधलेली असते. पश्चिमेकडच्या टीमचं घड्याळ उन्हाळ्यात एक तास पुढे जातं. तिथे उन्हाळ्यात सकाळी १० ला ठरवलेली दोन तासांची बैठक हिवाळ्यात घड्याळ मागे आलं की पूर्वेकडे दुपारी ४ ऐवजी ५ ला सुरू होते आणि ७ ला संपते. हा तास रोज कोणाच्या तरी संध्याकाळीतून जातो आणि त्याची कुठे नोंदही होत नाही. म्हणून बैठक तयार करताना टाइम झोनमध्ये यूटीसी निवडा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक मॅनेजरने आपल्या बैठकांच्या वेळा तपासायच्या.

३. तातडी कशाला म्हणायचं

आपण दवाखान्यांना अपॉइंटमेंट आणि बिलांची प्रणाली पुरवतो, त्यामुळे खरी तातडी आपल्याकडे येते. पण तातडीच्या नावाखाली येणाऱ्या बहुतेक गोष्टींत अडलेलं काहीच नसतं, पाठवणाऱ्याला त्या डोक्यातून काढून टाकायच्या असतात. फोन लावण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : हे त्या व्यक्तीच्या पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत थांबलं, तर कोणाचं आणि नेमकं काय नुकसान होईल? उत्तर एका वाक्यात लिहिता आलं नाही, तर ते थांबू शकतं.

लाल पातळी फक्त या पाच परिस्थितींत : एकापेक्षा जास्त दवाखान्यांत प्रणाली बंद, रुग्णांची माहिती बाहेर गेली किंवा गेल्याचा वाजवी संशय, चुकीची रक्कम कापली जात आहे आणि अजून थांबलेली नाही, कोणाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका, पुढच्या कामाच्या दिवसाआधी संपणारी कायदेशीर मुदत. लालसाठी फोनच करायचा, नुसता मेसेज चालणार नाही. पहिला प्रतिसाद १५ मिनिटांत अपेक्षित आहे.

पिवळी पातळी म्हणजे एकाच दवाखान्याचं काम अडलं आहे, किंवा दोष आहे पण पर्यायी मार्गाने काम चालतंय. ही तक्रार तिकीट म्हणून ऑन-कॉल रांगेत जाते, कोणाच्या वैयक्तिक इनबॉक्समध्ये नाही. पाळीवर असलेल्याने ४ तासांत पाहायचं.

बाकी सगळं हिरवं. त्याला उत्तर पुढच्या कामाच्या दिवशी.

ज्यांच्यावरून वाद होतो ते नमुने इथेच लिहून ठेवतो. ग्राहकाच्या वरिष्ठाने विचारलं म्हणून हिरवं लाल होत नाही. उद्याच्या सादरीकरणातला आकडा हिरवा. रजेची मंजुरी हिरवी. ‘आहेस का?’ एवढाच मेसेज कुठल्याही वेळी पाठवू नका. समोरच्याला तातडी कळत नाही, त्यामुळे त्याला उघडून विचारावंच लागतं, आणि तिथेच त्याची संध्याकाळ मोडते.

४. लाल फोन करण्याचा क्रम

आधी जिथे दिवस आहे तिथल्या ऑन-कॉल सहकाऱ्याला फोन करा. सोमवार ते शुक्रवार ०१:०० ते १७:०० यूटीसी या काळात आपली कुठली ना कुठली टीम कामावर असते, त्यामुळे तेव्हा कोणालाही झोपेतून उठवण्याचं कारण नाही. फोन उचलला नाही तर ५ मिनिटांनी पुन्हा लावा. त्यानंतरही उत्तर नसेल तर दुसऱ्या क्रमांकावरच्या सहकाऱ्याला, त्यालाही ५ मिनिटांच्या अंतराने दोनदा, आणि मग पाळीच्या मॅनेजरला. या तिघांना ओलांडून ‘तिला हे चांगलं माहीत आहे’ म्हणून चौथ्या कोणाला फोन करायचा असेल तर तो निर्णय पाळीच्या मॅनेजरचा. फोन करणाऱ्याने तो परस्पर घेऊ नये.

फोन लागला की घटनेच्या चॅनेलमध्ये चार ओळी लिहा. नमुना :

‘लाल. १८:४० यूटीसीपासून ७ दवाखान्यांत बिल छापलं जात नाही. सर्व्हर चालू आहे, प्रिंट सेवा उत्तर देत नाही. थांबलं तर : संध्याकाळच्या ओपीडीत रुग्णांना पावती मिळणार नाही. सेवा एकदा रीस्टार्ट केली, फरक नाही.’

तिसरी माहिती, म्हणजे ‘थांबलं तर’, वगळता येणार नाही. महिन्याच्या आढाव्यात तीच तपासली जाते.

५. ऑन-कॉल पाळी

कामाच्या दिवशी १७:०० ते ०१:०० यूटीसी या ८ तासांत कोणतीच टीम कामावर नसते. ही पाळी दोन भागांत वाटली आहे : १७:०० ते २२:०० पश्चिमेकडची टीम, २२:०० ते ०१:०० पूर्वेकडची. एकाची संध्याकाळ आणि दुसऱ्याची पहाट जाते, पण हिवाळ्यात रात्री ११ नंतर आणि उन्हाळ्यात १२ नंतर कोणाचाही फोन वाजत नाही. शनिवार-रविवारी १२-१२ तासांच्या दोन पाळ्या, ००:०० आणि १२:०० यूटीसीला बदल.

प्रत्येक बाजूला यादीत किमान ६ जण हवेत आणि कोणाचीही पाळी चार आठवड्यांत एकापेक्षा जास्त वेळा येता कामा नये. माणसं कमी पडली तर पाळी ताणू नका, विभागप्रमुखांना लेखी कळवा. पाळीवर असताना ३० मिनिटांत लॅपटॉपजवळ पोहोचता आलं पाहिजे, एवढीच अट आहे. घरात बसून राहण्याची नाही.

पाळीच्या प्रत्येक आठवड्यामागे अर्धा दिवस बदली सुट्टी मिळेल, फोन आला नाही तरी. फोन आला तर किमान २ तासांचं काम धरलं जाईल, दुरुस्ती १० मिनिटांत झाली तरी. काम संपल्यापासून ११ तास सलग विश्रांती होईपर्यंत दुसरा दिवस सुरू करायचा नाही. युरोपीय संघाच्या कामाच्या वेळेच्या निर्देशात रोजची किमान विश्रांती ११ तासच आहे. आपण तीच सगळीकडे लावतो. रात्री १ ला काम संपलं तर दुपारी १२ ला या. सकाळच्या बैठका मॅनेजरने रद्द करायच्या, तुम्ही नाही.

एका धोक्याकडे लक्ष हवं. एखादा भाग एकाच व्यक्तीला माहीत असेल, तर पाळी कोणाचीही असो, फोन तिलाच जातो. असं महिन्यात दोनदा झालं, तर त्या भागाची दुरुस्ती-टिपणं १४ दिवसांत लिहून घेणं ही मॅनेजरची जबाबदारी. तेवढ्यासाठी टीमचं दुसरं काम मागे ठेवा.

६. मॅनेजरांसाठी

हा हक्क टिकतो की कागदावर राहतो, हे तुमच्या रात्री ९ च्या मेसेजवर ठरतं. ‘उत्तराची घाई नाही’ असं जोडल्याने काही होत नाही. तुम्ही पगारवाढ ठरवता. तुमचं नाव स्क्रीनवर झळकलं की माणूस वाचतोच आणि वाचल्यावर मनातून काढू शकत नाही. म्हणून लिहायचं तेव्हा लिहा, पण पोहोचू द्या सकाळी. स्लॅकमध्ये पाठवण्याच्या बटणाशेजारचा बाण दाबून वेळ निवडा, जीमेलमध्ये `Schedule send`. वेळ निवडताना समोरच्याच्या घड्याळात कामाचा दिवस सुरू झाल्यावर ३० मिनिटांनी अशी निवडा. सगळ्यांचे मेसेज ठोक ९ ला येऊन पडले तर सकाळचा पहिला तास त्यातच जातो.

पुढील गोष्टी स्पष्टपणे बंद आहेत. शुक्रवारी १५:०० नंतर दिलेल्या कामाची मुदत सोमवारी १३:०० च्या आधी ठेवणं. ते रविवारचं काम आहे, फक्त तसं लिहिलेलं नाही. वेळेनंतर `@channel` किंवा `@here` वापरणं. स्लॅकमधला `Notify anyway` लालशिवाय दाबणं. कोण किती वेळ हिरव्या ठिपक्यात दिसतो हे पाहणं. मूल्यमापनात ‘नेहमी उपलब्ध असते’ हे गुण म्हणून लिहिणं. रात्री उत्तर देणाऱ्याचं सर्वांसमोर कौतुक करणं हेही त्यातच. बाकीच्यांना त्यातून काय अपेक्षा आहे ते लगेच कळतं.

टीममधलं कोणी स्वतःहून रोज रात्री उत्तरं देत असेल, तर दुर्लक्ष करू नका. समोरासमोर विचारा : काम जास्त आहे, की कोणाची भीती आहे? काम जास्त असेल तर त्यातलं काय काढायचं हे तुम्ही ठरवा.

७. दुरून काम करणाऱ्या टीम

रात्री ‘ते कुठवर आलं?’ विचारावं लागतं, कारण दिवस संपताना कोणी लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून दिवसाच्या शेवटच्या १५ मिनिटांत हस्तांतराची नोंद कामाच्या कार्डावर करा : काय झालं, काय अडलं, पुढचं पाऊल कोणाचं, फाइल कुठे. मेसेजमध्ये नको, तो वर सरकून जातो.

कोणाला रात्री काम करणं सोयीचं असेल तर जरूर करावं, मेसेज मात्र वेळ लावूनच पाठवावेत. व्हॉट्सॲपवर कामाचे गट नकोत. घरच्या आणि कामाच्या मेसेजना तिथे एकच आवाज असतो. सध्याचे गट १५ एप्रिलपर्यंत बंद करा. वैयक्तिक नंबर फक्त ऑन-कॉल यादीत आणि फक्त पाळीच्या आठवड्यात दिसेल.

रजेवर जाताना बदली व्यक्तीचं नाव द्या आणि फोनवरून स्लॅक काढून टाका. रजेवरच्या व्यक्तीला लाल घटनेतही फोन करायचा नाही. स्वयंउत्तर असं ठेवा : ‘मी १२ मेपर्यंत रजेवर आहे आणि मेल पाहत नाही. अडलेल्या कामासाठी सपोर्ट रांगेत तिकीट टाका. बदली सहकारी त्याच दिवशी पाहतील.’ ‘खूप तातडीचं असेल तर फोन करा’ ही ओळ लिहू नका.

८. नियम मोडला तर

मेसेज पाठवणाऱ्याला थेट सांगू शकता, किंवा मनुष्यबळ विभागाच्या फॉर्ममध्ये नोंदवा. त्यात नाव देणं ऐच्छिक आहे. पहिल्या वेळी आठवण, तीन महिन्यांत तिसऱ्यांदा झालं तर विभागप्रमुखांशी लेखी चर्चा. उत्तर न दिल्यामुळे कोणाची पाळी, काम किंवा मूल्यमापन बदललं, तर ती स्वतंत्र आणि जास्त गंभीर तक्रार समजली जाईल.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सर्व लाल फोनांचा आढावा होतो. पाचापैकी एकाही परिस्थितीत न बसणारे फोन टीमनिहाय मोजले जातात आणि आकडे सर्वांना दिसतात.

९. स्थानिक कायदा

तुम्ही जिथून काम करता तिथला कायदा याहून जास्त संरक्षण देत असेल, तर तोच लागू. फ्रान्समध्ये हा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. पोर्तुगालमध्ये २०२१ च्या दुरुस्तीनंतर विश्रांतीच्या वेळेत कर्मचाऱ्याशी संपर्क न करण्याचं बंधन मालकावर आहे, आणि अपवाद फक्त अनिवार्य परिस्थितीचा. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून वेळेनंतरचा संपर्क नाकारता येतो, फक्त तो नकार अवाजवी नसावा. छोट्या व्यवसायांना ते एक वर्षाने लागू झालं. देश बदलून काम करणार असाल तर निघण्याआधी ३० दिवस मनुष्यबळ विभागाला कळवा, म्हणजे तुमच्या पाळ्या तिथल्या नियमानुसार लावता येतील.