वारस दाखल्याच्या अर्जाची पुढे गेलेली सुनावणी आणि लागणारी कागदपत्रे : वकीलसाहेबांच्या ईमेलचा मराठी अनुवाद

आदरणीय मामी,
सा. न.

काल संध्याकाळी वकीलसाहेबांचा इंग्रजी ईमेल आला. त्याचा संपूर्ण मराठी अनुवाद खाली देत आहे. त्यातले काहीही गाळलेले नाही आणि आपल्याला बरे वाटावे म्हणून काही सौम्यही केलेले नाही. जिथे मला खुलासा करावासा वाटला तिथे चौकटी कंसात 'अनुवादकाकडून' असे लिहिले आहे. तेवढी वाक्ये माझी, बाकी सर्व वकीलसाहेबांची. अर्थाबद्दल कुठे शंका आली तर मूळ इंग्रजी मजकूरच प्रमाण धरावा.

'तारीख पडली' एवढेच आपल्याला फोनवर कळले आणि तेव्हापासून आपल्याला नीट झोप नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून वाचायला बसण्यापूर्वी एक गोष्ट सांगतो : या ईमेलमध्ये आपल्याविरुद्ध निकाल लागल्याचे किंवा अर्ज फेटाळल्याचे एक अक्षरही नाही.

आपला भाचा

—

विषय : भारतीय वारसा अधिनियम, 1925 च्या कलम 372 खालील अर्ज. दिनांक 9 फेब्रुवारी 2026 रोजीचे कामकाज, पुढील तारीख आणि आवश्यक कागदपत्रे.

महोदया,

आपल्या दिवंगत पतींच्या नावावरील मुदतठेवी आणि शेअर्स यांच्यासाठी आपण वारस दाखल्याचा जो अर्ज ठाणे येथील दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्या न्यायालयात केला आहे, तो सोमवार, दिनांक 9 फेब्रुवारी 2026 रोजी सुनावणीसाठी होता. त्या दिवशी प्रकरण पुकारले गेले, मी स्वतः हजर होतो, आणि न्यायालयाने सुनावणी मंगळवार, दिनांक 17 मार्च 2026 पर्यंत तहकूब केली आहे. तसा रोजनामा, म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद, लिहिला गेला आहे. अर्जाच्या गुणवत्तेवर न्यायालयाने कोणतेही मत व्यक्त केलेले नाही.

तहकुबीचे कारण एकच आहे. सामनेवाल्या क्रमांक 3, म्हणजे आपल्या सासूबाई, यांना पाठवलेली नोटीस बजावली गेली नाही. ती संगमेश्वरच्या पत्त्यावर गेली होती आणि 'सदर पत्त्यावर सध्या राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत आली. आपण नंतर कळवल्याप्रमाणे त्या काही महिन्यांपासून आपल्या धाकट्या दिरांकडे विरारला आहेत. वृत्तपत्रातील जाहीर नोटीस प्रसिद्ध झाली आहे आणि तिला अनुसरून कोणाचीही हरकत आलेली नाही. मुलगा आणि मुलगी यांच्यावरील नोटिसांची बजावणीही पूर्ण आहे. तथापि, ज्या वारसाला नोटीस मिळालेली नाही, त्याच्या माघारी न्यायालय पुढे जाणार नाही, आणि त्याने तसे जाऊही नये.

आपण विचारले होते की, पैसे पतीचे असताना सासूबाईंना यात का आणावे लागते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 नुसार मृत पुरुषाची आई ही त्याची पत्नी, मुलगे आणि मुली यांच्याप्रमाणेच वर्ग 1 ची वारस आहे. आपल्या प्रकरणात आपण, मुलगा, मुलगी आणि सासूबाई असे चार वारस असून प्रत्येकाचा हिस्सा समान, म्हणजे एक चतुर्थांश, आहे. त्यांचे नाव अर्जात घेतले नसते, तर मिळालेला दाखला पुढे रद्द होण्याची भीती राहिली असती. त्यांना नोटीस जाणे म्हणजे त्यांच्याविरुद्ध दावा लावणे नव्हे, आणि नोटीस परत येणे म्हणजे त्यांनी विरोध केला असाही अर्थ होत नाही.

[अनुवादकाकडून : मामी, आजींनी मुद्दाम नोटीस घेतली नाही, असे आपल्या मनात आले होते. वकीलसाहेबांनी शेऱ्याचे शब्द जसेच्या तसे दिले आहेत. त्यात नकाराचा उल्लेख नाही. नोटीस गेली तेव्हा त्या गावच्या पत्त्यावर राहत नव्हत्या, एवढेच त्यातून निघते.]

आता पहिले आणि सर्वांत तातडीचे काम. सासूबाईंचा विरारचा संपूर्ण पत्ता, इमारतीचे नाव, सदनिका क्रमांक, जवळची खूण आणि पिन कोड यांसह, शुक्रवार, दिनांक 13 फेब्रुवारीपर्यंत माझ्याकडे पोहोचला पाहिजे. नव्या नोटिशीचा भत्ता, म्हणजे बजावणीचा खर्च, न्यायालयाने सात दिवसांत भरण्यास सांगितले आहे, आणि पत्त्याशिवाय तो भरता येणार नाही. नोटीस टपालाने जाईल आणि वसईच्या न्यायालयातील बेलिफामार्फतही जाईल. बेलिफ घरी आला तर घाबरू नये, नोटीस स्वीकारून पोचेवर सही किंवा अंगठा द्यावा, असे कृपया आपल्या दिरांना आधीच सांगून ठेवावे.

दाखला आपल्या एकटीच्या नावे द्यायला सासूबाईंची हरकत नसेल, तर त्यांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र दाखल करता येईल आणि बराच वेळ वाचेल. त्याचा मसुदा मी मराठीत तयार करून पाठवतो. तो त्यांना संपूर्ण वाचून दाखवावा, त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि त्यांना पटले तरच पुढे जावे. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये. या प्रतिज्ञापत्राने त्यांचा हिस्सा जात नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगावे. वारस दाखला म्हणजे बँकेकडून आणि कंपनीकडून रक्कम वसूल करण्याचा अधिकार. मालकी कोणाची हे त्याने ठरत नाही, आणि रक्कम हाती आल्यावर इतर वारसांचे हिस्से त्यांना देण्याची जबाबदारी दाखला घेणाऱ्यावर राहते. प्रतिज्ञापत्र न्यायालयात दाखल करण्यासाठी असल्याने ते साध्या कागदावर होईल. कोर्ट नाक्यावर कोणी त्यासाठी मुद्रांक घ्यायला सांगितले तर घेऊ नये, आधी मला फोन करावा. सासूबाईंना प्रवास झेपत असेल तर त्यांनी 17 मार्चला आधार कार्डासह समक्ष हजर राहून सांगितलेले अधिक चांगले, परंतु त्यांच्या वयाकडे पाहता मी तसा आग्रह धरणार नाही.

दुसरे काम बँकेचे आहे, आणि त्यात मला आपली मदत सर्वांत जास्त लागेल. आपण दिलेल्या पासबुकाच्या झेरॉक्स प्रती पुरेशा नाहीत. शाखा व्यवस्थापकांच्या सहीचे आणि शिक्क्याचे, बँकेच्या लेटरहेडवरील पत्र हवे, ज्यात प्रत्येक मुदतठेवीचा क्रमांक, मूळ रक्कम, मुदतपूर्तीची तारीख आणि आजपर्यंतच्या व्याजासह एकूण येणे नमूद असेल. न्यायालयीन शुल्क याच रकमेवर आकारले जाते आणि दाखल्याच्या परिशिष्टात हेच आकडे उतरतात, त्यामुळे अंदाजाने लिहिलेला आकडा चालत नाही. शेअर्ससाठी डीमॅट खात्याचे ताजे विवरणपत्र पुरे होईल. घरातील कपाटे, जुन्या डायऱ्या आणि विम्याच्या फाइली यांत आणखी एखादी ठेवपावती किंवा कागदी शेअर प्रमाणपत्र आहे का, हे या निमित्ताने पाहून घ्यावे. राहून गेलेली ठेव पुढे दाखल्यात वाढवून घेता येते, पण त्यासाठी पुन्हा अर्ज आणि पुन्हा तारखा. आताच सापडली तर त्याच अर्जात दुरुस्ती करून घेईन.

याच संदर्भात नावातील एका फरकाकडे लक्ष वेधतो. ठाणे महानगरपालिकेच्या मृत्यू दाखल्यावर आपल्या पतींचे आणि त्यांच्या वडिलांचे नाव पूर्ण आहे. दोन ठेवपावत्यांवर मात्र वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर आहे, आणि एका पावतीवर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे आहे. व्यक्ती एकच असल्याचे आपले प्रतिज्ञापत्र मी तयार करीत आहे. त्याला जोडण्यासाठी त्यांचे पॅन कार्ड आणि कळव्याच्या पत्त्याचे जुने रेशन कार्ड, दोन्ही मूळ स्वरूपात, आणावे. मृत्यू दाखल्याची मूळ प्रतही लागेल, कारण आपण दाखल केली ती छायाप्रत आहे आणि न्यायालय ती मूळ प्रतीशी ताडून पाहील. तपासणी झाली की मूळ कागद त्याच दिवशी आपल्याला परत मिळावेत, असा मी प्रयत्न करीन.

मुलाचे आधार कार्ड माझ्याकडे आहे, त्याचे आणखी काही नको. मुलीचे आधार कार्ड सासरच्या नावाचे आणि अर्जातील नाव माहेरचे असल्याने तिच्या विवाह नोंदणी दाखल्याची प्रत पाठवावी. दोघांच्याही ना-हरकत प्रतिज्ञापत्रांचे मसुदे त्यांना वेगळ्या ईमेलने पाठवले आहेत. मुलीने ते नाशिकला नोटरीसमोर करून टपालाने पाठवले तरी चालेल. ही सर्व कागदपत्रे शुक्रवार, दिनांक 6 मार्चपर्यंत माझ्या कार्यालयात पोहोचवावीत, म्हणजे दस्तऐवजांच्या यादीसह ती 17 तारखेला दाखल करता येतील.

17 मार्चला आपण हजर राहणे बंधनकारक नाही. सासूबाई येणार असतील तर त्यांच्यासोबत मात्र यावे आणि सकाळी साडेदहापर्यंत न्यायालयाच्या आवारात पोहोचावे. त्या दिवशी निकाल लागेल असे आश्वासन मी देत नाही. बजावणी पूर्ण झालेली असेल आणि कोणाची हरकत नसेल, तर पुढची पायरी आपल्या पुराव्याच्या प्रतिज्ञापत्राची आहे. त्यातला मजकूर खरा असल्याचे आपल्याला न्यायालयापुढे सांगावे लागेल, आणि हरकतदार नसल्यास उलटतपासणीचा प्रश्न सहसा येत नाही. बजावणी पुन्हा अपुरी राहिली, तर आणखी एक तारीख पडेल. ही शक्यता मी आपल्यापासून लपवू इच्छित नाही.

मधल्या काळात ठेवी बुडण्याचा धोका नाही, त्या बँकेतच राहतील. मुदत संपलेल्या ठेवीवर यापुढे कोणत्या दराने व्याज मिळणार, हे मात्र वरील पत्र मागताना शाखेत लेखी विचारून घ्यावे.

आपला विश्वासू,
अर्जदारातर्फे वकील, ठाणे

—

[अनुवादकाकडून : अनुवाद येथे संपला. मामी, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आणखी एक तारीख पडण्याबद्दल जे वाक्य आहे, ते वाचून आपण पुन्हा काळजीत पडाल, म्हणून लिहितो. ते होऊ न देणे बऱ्याच अंशी विरारच्या पत्त्यावर अवलंबून आहे आणि तो मिळवणे आपल्या हातात आहे. धाकट्या मामांशी बोलणे अवघड वाटत असेल तर मी बोलतो. आजींना मसुदा वाचून दाखवायलाही मी रविवारी विरारला जाईन, पण आपण सोबत असलात तर त्यांना अधिक बरे वाटेल. बँकेला द्यायचा अर्ज मी मराठीत लिहून ठेवला आहे, त्यावर आपली सही हवी. आज रात्री साडेआठनंतर घरी येतो. तोपर्यंत मृत्यू दाखला, पॅन कार्ड आणि रेशन कार्ड एका पिशवीत काढून ठेवावे. बाकीच्या कागदांसाठी कपाट आपण दोघे मिळून पाहू.]