घर हलवण्याचा आराखडा: पाच माणसं, ५८ खोकी, एक ट्रक

दिवस ० म्हणजे सामान ट्रकमध्ये चढतं तो बुधवार. पुढच्या सगळ्या तारखा त्याच्या आधीच्या उणे आणि नंतरच्या अधिक. अंतर ६०० किलोमीटर, ट्रक शुक्रवारी (+२) पोचणार. प्रत्येक कामाला एकच जबाबदार माणूस. दोघांवर टाकलेलं काम दोघंही दुसऱ्याने केलं असेल असं धरून चालतात. दर रविवारी रात्री अर्धा तास आढावा.

सगळं अडतं ते इथे

नव्या घराचा करार (बाबा, −३५). त्याशिवाय पत्त्याचा पुरावा नाही, म्हणून शाळेचा अर्ज नाही, इंटरनेटची नोंदणी नाही आणि मजला ठाऊक नसल्याने ट्रकचा पक्का दरही नाही. −३० पर्यंत सह्या झाल्या नाहीत तर दिवस ० सरळ एक आठवडा पुढे. ट्रक −२८ ला ठरवायचा असल्याने तोवर तारीख बदलायला काही खर्च नाही. नंतर बदलली तर आगाऊ रक्कम बुडू शकते.

शाळा (आई): अर्ज −३३, प्रवेश पक्का −२१. तो लेखी हातात आल्यावरच जुन्या शाळेत दाखल्यासाठी अर्ज. घाईने आधी दाखला काढला आणि तिकडची जागा गेली, तर ताई आणि छोटू दोन्ही शाळांच्या बाहेर राहतील.

पैसे

एकूण रकमेचे १०० भाग: बांधणी आणि वाहतूक ४०, नव्या घरातली दुरुस्ती व जोडण्या १५, दुहेरी भाडं १२, प्रवास-मुक्काम १०, शाळा ८, राखीव १५. राखीवला हात लावायचा तर आई-बाबा दोघांची संमती हवी.

अनामत यात धरलेली नाही, कारण ती परत येते. पण ती कधी येते हे महत्त्वाचं. नवी अनामत −३५ ला जाईल, जुनी अनामत +१ ला चावी दिल्यावर ३० दिवसांनी, म्हणजे +३१ ला मिळेल. ६६ दिवस दोन्ही अनामती अडकलेल्या असतील. एकूण बजेट बसत असूनही हातात रोकड नाही, अशी वेळ याच काळात येते. म्हणून शाळेची फी आणि वाहतुकीची शेवटची रक्कम आजच वेगळ्या खात्यात ठेवायची.

दुहेरी भाडं ११ दिवसांचं (−१० ते +१). ते वाचवायचा मोह होईल, पण रंग, नळ आणि कुलपं रिकाम्या घरातच नीट होतात.

वाहतूकदार (बाबा, −४२ ते −२८)

तिघांना घरी बोलावून सामान दाखवायचं. फोनवरचा अंदाज धरायचा नाही. लेखी दरात दोन्हीकडचे मजले, लिफ्ट, ट्रक उभा राहील तिथून दारापर्यंतचं अंतर आणि ट्रक फक्त आपला की इतरांच्या सामानासोबत, हे हवं. वाटून घेतलेला ट्रक स्वस्त पडतो, पण पोचण्याची तारीख सरकते. सोफा नव्या दारातून आणि लिफ्टमधून जातो का, हे टेपने मोजूनच तो न्यायचा की विकायचा ते ठरेल.

विमा: आपण स्वतः भरलेल्या खोक्यांतली मोडतोड बहुधा नाकारली जाते. म्हणून टीव्ही आणि काचसामान त्यांनीच बांधायचं.

बांधणी (ताई, −२१ पासून)

माळ्यापासून सुरुवात, रोज ३ खोकी. १४ दिवसांत ४२. उरलेली १६ शेवटच्या दोन दिवसांत वाहतूकदाराची माणसं भरतील. पुस्तकं लहान खोक्यांत, प्रत्येकी १५ किलोच्या आत. मोठ्या खोक्यात भरली की तळ फाटतो. ताटं आडवी रचायची नाहीत, उभी ठेवायची. खोकं हलवून बघावं, आत खडखड झाली तर कागद कमी पडलाय. नंबर आणि खोलीचं नाव दोन बाजूंवर, झाकणावर नको, कारण थप्पी लागली की झाकण दिसत नाही. छोटू वहीत नोंद ठेवेल.

फ्रिज −१ च्या सकाळी रिकामा, बंद, दार उघडं. प्रवासात उभाच. आडवा पडला तर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत जातं. तसं झाल्यास २४ तास उभा ठेवून मगच चालू करायचा. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचे वाहतुकीचे बोल्ट −३० ला शोधायचे, नसतील तर मागवायचे. गॅस सिलिंडर आणि रंगाचे डबे ट्रकमध्ये जाणार नाहीत.

आपल्यासोबत

दाखले, करार, दागिने, लॅपटॉप आणि त्याचा बॅकअप, आजीची ३० दिवसांची औषधं चिठ्ठीसह. पातळ गाद्या, दोन रात्रींचे कपडे, बल्ब, पेचकस. ट्रक +३ च्या दुपारपर्यंत आला नाही तर राखीवमधून मुक्कामाची सोय, आजीला जमिनीवर तिसरी रात्र नको.

बाबा +१ ला मागे थांबून साफसफाई करतील, मीटरच्या आकड्यांचे आणि भिंतींचे फोटो काढतील, चावी देऊन लेखी पोच घेतील.

ट्रक आल्यावर छोटू दारात वही घेऊन: ५८ मोजून होईपर्यंत कोणी सही करायची नाही. फुटकं दिसलं तर पावतीवरच लिहायचं आणि त्याच जागी फोटो. +७ पर्यंत बँक आणि विम्याचा पत्ता बदलायचा, आजीसाठी जवळचा डॉक्टर शोधायचा. +३१ ला जुनी अनामत खात्यात आली का, बाबा पाहतील.