आरडी की एसआयपी? महिन्याला 2,000 रुपये कुठे टाकू?

नमस्कार! दोन वर्षांनी मुलीची कॉलेजची फी भरायचीय, महिन्याला 2,000 बाजूला पडतात, तर आरडी काढू की एसआयपी, असं एका ताईंनी विचारलंय.

आरडीत व्याजदर खातं उघडतानाच ठरतो. चोवीस हप्ते म्हणजे 48,000 रुपये, अधिक व्याज. हातात किती पडणार ते पावतीवर आधीच छापलेलं असतं. बँक बुडाली तरी एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या ठेवी मिळून, व्याज धरून, 5 लाखांपर्यंत विमा आहे. मात्र व्याज करपात्र असतं, आणि महागाईपुढे ते तोकडं पडू शकतं.

एसआयपीत तेच 2,000 म्युच्युअल फंडात जातात, त्या दिवशीच्या भावाने युनिट मिळतात. इक्विटी फंड असेल तर भाव बाजाराबरोबर हलणार. आठवतंय? जानेवारी 2020 मध्ये 42,000 च्या आसपास असलेला सेन्सेक्स 23 मार्चला 26,000 च्याही खाली बंद झाला. नेमकी तेव्हाच फी भरायची असती तर?

म्हणून ताई, या फीसाठी माझं मत आरडी. दहा-बारा वर्षं न लागणारा पैसा असेल, तर एसआयपीचा विचार करा. तिथेही तोटा होऊ शकतो. ‘इतके टक्के नक्की’ म्हणणाऱ्याला हात जोडा.

हा वैयक्तिक सल्ला नाही. म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन असते. योजनेची सर्व कागदपत्रं काळजीपूर्वक वाचा.